वाड्यावरची भजनसंध्या: देवळाच्या सभामंडपात की मोकळ्या आवारात?

कार्तिक महिना जवळ आला की फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर एकच चर्चा सुरू होते. यंदाची भजनसंध्या देवळाच्या सभामंडपात करायची, की इमारतींच्या मधल्या मोकळ्या आवारात मांडव घालून करायची? या वर्षी शेजारच्या वाड्यावरील मंडळानेही प्रथमच असा कार्यक्रम ठरवला असून, आमंत्रणपत्रिका छापण्यापूर्वी त्यांनी आमचा अनुभव विचारला. आम्ही दोन्ही प्रकार करून पाहिलेले असल्यामुळे त्यांना जे सांगितले, तेच येथे सविस्तर लिहीत आहे. जागा, वेळ, बैठक आणि प्रसाद या चार गोष्टी वेगवेगळ्या वाटल्या, तरी त्यांतली एक हलवली की बाकीच्या तिन्ही हलतात, आणि पत्रिकेतील शब्द त्या चारही गोष्टी ठरल्यानंतरच लिहिता येतात. बहुतेक मंडळे नेमका उलटा क्रम धरतात, म्हणजे आधी पत्रिका छापतात आणि मग व्यवस्था करू लागतात.

तुलनेसाठी दोन आराखडे समोर ठेवू. पहिल्यात कार्यक्रम सभामंडपात होतो, श्रोते जाजमावर बसतात आणि आरतीनंतर हातात प्रसाद घेऊन घरी जातात. दुसऱ्यात कार्यक्रम मोकळ्या आवारात होतो, खुर्च्या मांडलेल्या असतात आणि शेवटी पंगत बसते. गायक दोन्हीकडे तेच, म्हणजे वाड्यावरचे भजनी मंडळ आणि एक पाहुणे गायक.

सुरुवात शेवटापासून करावी. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. मात्र ते दिवस सरकार ठरवते, आपल्या वाड्याची भजनसंध्या त्यात येईल असे धरून चालू नये. बंदिस्त सभागृहात आतल्या आत ऐकू जाईल इतका आवाज या बंदीतून वगळलेला आहे, आणि त्यामुळे पुष्कळांचा असा समज असतो की सभामंडप म्हणजे सभागृहच. आमच्या देवळाचा सभामंडप दोन्ही बाजूंनी उघडा आहे, केवळ वर छप्पर आहे म्हणून तो बंदिस्त ठरत नाही. तेव्हा जागा कोणतीही निवडली तरी रात्री दहाच्या आत ध्वनिक्षेपक बंद झालाच पाहिजे, आणि त्याच्या वापरासाठी सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगीही आधीच हाती असली पाहिजे. निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. जवळ रुग्णालय किंवा शाळा असेल, तर त्यापासून 100 मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून घोषित होऊ शकते, हेही परवानगीचा अर्ज करण्यापूर्वी पाहून घ्यावे.

आता या दहाच्या रेषेपासून मागे मोजू या. मोकळ्या आवारातील आराखड्यात 120 माणसांची पंगत आहे असे समजू. आमच्या आवाराच्या एका बाजूला एका वेळी 40 पाने मांडता येतात. पाने मांडणे, वाढणे, जेवण आणि जागा पुसून पुन्हा पाने मांडणे, यात एका पंगतीला अर्धा तास सहज जातो. म्हणजे तीन पंगतींना दीड तास लागतो. भजन रात्री 9 वाजता संपले, तर शेवटची पंगत साडेदहाला उठते. ध्वनिक्षेपक बंद असल्यामुळे नियम मोडत नाही हे खरे, पण लहान मुले पेंगुळलेली असतात, वृद्ध मंडळी ताटकळलेली असतात, आणि गावाकडे जाणाऱ्या बसगाड्या तर केव्हाच निघून गेलेल्या असतात. शेवटची पंगत दहाला उठवायची असेल, तर आरती साडेआठला संपवावी लागेल आणि अडीच तासांच्या भजनासाठी सहा वाजता बसावे लागेल. नोव्हेंबरात गोव्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि ती घराघरांत दिवेलागणीची आणि तुळशीपुढे दिवा लावण्याची वेळ असते. त्या वेळी घरातील बायका येऊ शकत नाहीत. त्यांच्याशिवाय गजर किती फिका पडतो, हे आम्ही एका वर्षी अनुभवले आहे आणि ते पुन्हा होऊ नये असे मला मनापासून वाटते.

सभामंडपाच्या आराखड्यात हा पेच उरत नाही. प्रसाद हातात द्यायचा असल्यामुळे आरतीनंतर वीस मिनिटे पुरतात. साडेसहाला आरंभ करून नऊला आरती संपवली, तर साडेनऊपर्यंत देऊळ मोकळे होते. फक्त देवळाची स्वतःची सायंपूजा आणि आरती कधी असते ते पुजाऱ्यांना विचारून घ्यावे लागते, कारण आपल्या कार्यक्रमासाठी देवाची नित्याची वेळ हलवणे योग्य नव्हे. आमच्याकडे ती सव्वासातला असते. त्या वेळी आम्ही भजन दहा मिनिटे थांबवतो आणि सगळेच आरतीला उभे राहतो, त्यामुळे पाय मोकळे करायलाही संधी मिळते. पालखीचा वार टाळावा, हे वेगळे सांगायला नको. मंगेशीला सोमवारी पालखी निघते, आणि त्या दिवशी आसपासच्या वाड्यांतील पुष्कळ माणसे तिकडे गेलेली असतात. सभामंडप मागण्यासाठी देवस्थान समितीला पत्र द्यावे लागते. ही समिती महाजनांतून निवडलेली असते आणि तिची बैठक रोज होत नाही, म्हणून हे पत्र कार्यक्रमाच्या किमान महिनाभर आधी जायला हवे. मोकळ्या आवारासाठी अशी परवानगी लागत नाही, ही त्या आराखड्याची एक खरी सोय आहे.

वेळेचा आणखी एक परिणाम गाण्यावर होतो, आणि पत्रिका करणाऱ्यांच्या ध्यानात तो सहसा येत नाही. साडेसहाला बसले, तर पाहुणे गायक सांजवेळेच्या पूरिया धनाश्रीत पहिला अभंग बांधू शकतात, पुढे यमन आणि भूप येतात. आठला बसले, तर ती वेळ निघून गेलेली असते. श्रोत्यांपैकी सर्वांनाच रागाचे नाव सांगता येत नसले, तरी दिवेलागणीनंतर लगेच लागलेला तीव्र मध्यम मंडपात जो एक प्रकारचा गंभीरपणा आणतो, तो सर्वांना जाणवतो. भैरवी मात्र कोणत्याही वेळी शेवटीच येते, आणि तिच्या आधी गौळण व्हावी असा आमच्याकडचा क्रम आहे. नमन आणि गजर यांसाठी वीस मिनिटे, रूपाच्या अभंगापासून गौळणीपर्यंत दहा-बारा मिनिटांची आठ-नऊ पदे, भैरवी आणि आरती, शिवाय मधली देवळाची आरती असे धरले, की अडीच तास पुरे भरतात. त्यात स्वागत, सत्कार आणि आभाराची भाषणे घातली, तर दोन अभंग गळतात. सत्कार करायचाच असेल, तर तो भजनापूर्वी, श्रोते जमत असतानाच उरकावा.

वाद्यांच्या दृष्टीनेही दोन्ही जागांत मोठा फरक आहे. कार्तिकात रात्री आठनंतर मोकळ्या आवारात दंव पडू लागते. दमट हवेने तबल्याच्या पुडीचा ताण उतरतो, आणि पेटीचा स्वर तर आहे तेथेच राहतो. परिणामी दर दोन अभंगांनंतर तबलजींना हातोडी घेऊन बसावे लागते. आमच्या मंडळात पुरुष आणि स्त्रिया दोघेही गातात, त्यांच्या पट्ट्या वेगळ्या असल्यामुळे दोन दाये लागतात, आणि दोन्ही उतरले की प्रत्येक वेळी पाच-सात मिनिटे जातात. घुमटाचेही तसेच होते. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावत असत. आता कायद्याने ते निषिद्ध असल्यामुळे बकऱ्याचे कातडे लावतात, आणि ते ओलाव्याने सैल झाले की आवाज बसका होतो. 2019 साली राज्याचे वारसावाद्य म्हणून गौरवलेले घुमट आरतीच्या वेळी असे बसक्या आवाजात वाजावे, याचे मला खरोखरच वाईट वाटते. मोकळ्या जागेचा आराखडा निवडलाच, तर निदान वादकांच्या डोक्यावर दाट कापडाचे छत आणि मागच्या बाजूने पडदा असावा, आणि वाद्ये पेटीतून शेवटच्या क्षणी काढावीत.

सभामंडपातील अडचण नेमकी उलटी आहे. तेथे वाद्ये सुरात राहतात, पण फरशी आणि पत्रा यांमुळे आवाज घुमतो. टाळांच्या आठ जोड्या एकदम वाजू लागल्या, की अभंगाचे शब्द कोणालाच कळत नाहीत. हे ओळखण्याचा सोपा उपाय असा, की तालमीच्या दिवशी एकाने शेवटच्या खांबाजवळ बसून चरण जसा ऐकू येईल तसा लिहून काढावा. शब्द लिहिता आले नाहीत, तर टाळांच्या दोन-तीन जोड्याच ठेवाव्यात आणि ध्वनिक्षेपक गायक व पेटी यांच्यापुरताच वापरावा. ऐंशी माणसांच्या मंडपात टाळ-घुमटाला ध्वनिवर्धकाची गरजच नसते.

आता बैठकीकडे वळू, कारण सर्वांत जास्त वाद याच विषयावर होतात. खुर्च्या मांडल्या की जास्त माणसे मावतात, असा एक समज आहे. आमचा सभामंडप 10 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद आहे. पुढचे तीन मीटर गायक-वादकांसाठी सोडले आणि एका बाजूने एक मीटरची वाट ठेवली, की श्रोत्यांसाठी 7 गुणिले 7, म्हणजे 49 चौरस मीटर जागा उरते. जाजमावर मांडी घालून बसणाऱ्या माणसाला, मधून उठण्या-बसण्याची सोय धरून, सुमारे 0.6 चौरस मीटर लागते, म्हणजे 80 माणसे बसतात. खुर्चीला पाय ठेवायची जागा आणि रांगांमधली वाट धरून सुमारे 0.8 चौरस मीटर लागते, म्हणजे 60 माणसे बसतात. पूर्ण खुर्च्यांनी वीस माणसे कमी होतात. शिवाय गायक जमिनीवर आणि श्रोते खुर्चीवर, ही मांडणी देवळात बरी दिसत नाही.

तरीही सर्वांना खाली बसवणे हा उपाय नव्हे. आमच्या वाड्यावरील साठीपुढच्या कितीतरी बायका गुडघ्यांमुळे देवळात येऊनही भजनाला थांबत नाहीत, आणि संकोचाने कारणही सांगत नाहीत. आम्ही पुढचे चार मीटर जाजमासाठी आणि मागचे तीन मीटर खुर्च्यांसाठी ठेवतो. पुढे 46 आणि मागे 26, अशी एकूण 72 माणसे बसतात. आठ जागा गेल्या, पण ज्यांच्यासाठी भजन हे आयुष्यभराचे सोबती आहे त्या थांबू लागल्या. खुर्च्या मागेच असाव्यात, बाजूला नव्हेत, कारण बाजूच्या खुर्च्या वाट अडवतात. या खुर्च्यांचा उल्लेख पत्रिकेत स्पष्ट शब्दांत असावा, म्हणजे कोणालाही ऐनवेळी मागण्याची पाळी येत नाही.

मोकळ्या आवारात 150 खुर्च्याही मांडता येतात, आणि अपेक्षित श्रोते शंभराहून अधिक असतील, तर तोच आराखडा घ्यावा लागेल. सभामंडपात दाटी करणे हा पर्याय नाही. वास्कोच्या दामोदर सप्ताहात हजारो माणसे येतात हे उदाहरण आमच्या बैठकीत नेहमी दिले जाते, पण तेथे नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणारे भजन अहोरात्र चालते, मंडळे पाळीपाळीने गातात आणि माणसे येत-जात राहतात. अडीच तास एका जागी बसणाऱ्या श्रोत्यांचा हिशेब त्यावरून करता येत नाही.

प्रसादाच्या बाबतीत पत्रिकेतील एक शब्द फार महत्त्वाचा आहे. ‘महाप्रसाद’ लिहिले, की त्याचा अर्थ जेवण, आणि ‘तीर्थप्रसाद’ लिहिले, की द्रोणभर प्रसाद. एका वर्षी आम्ही सवयीने ‘महाप्रसादाचा लाभ घ्यावा’ असे छापले आणि प्रत्यक्षात शिरा केला होता. शेजारच्या गावातून आलेली काही कुटुंबे घरी स्वयंपाक न करता आली होती. रात्री साडेनऊला ती उपाशी परत निघालेली पाहून आम्हा सर्वांच्या माना खाली गेल्या. तेव्हापासून पत्रिकेचा मसुदा स्वयंपाक पाहणाऱ्या व्यक्तीने वाचल्याशिवाय छापायला जात नाही.

पंगत घालायचीच असेल, तर तिच्यातील पदार्थ थोडे आणि लवकर वाढता येतील असे असावेत. भात, वरण, खतखते, एक सुकी भाजी, लोणचे आणि मणगणे एवढे पुष्कळ झाले. तांदूळ माणशी 100 ग्रॅम धरले, तर 120 माणसांना 12 किलो लागतात. मणगणे आणि खतखते दोन्हीत नारळ असतो, आणि आपल्याकडच्या हवेत नारळाचा रस घातलेला पदार्थ दुपारी करून रात्री नऊला वाढणे धोक्याचे आहे. रस शेवटी, सहाच्या पुढे घालावा. कडेला फेस दिसू लागला किंवा आंबूस वास आला, तर पदार्थ पुन्हा उकळून वाढण्याचा मोह टाळावा आणि तो सरळ बाजूला काढावा.

हातातल्या प्रसादासाठी आम्ही दोन प्रकार करून पाहिले. शिऱ्यासाठी एक किलो रवा, एक किलो साखर, पाऊण किलो तूप आणि दूध-पाणी मिळून अडीच लिटर घेतले, की साडेचार ते पाच किलो शिरा होतो, आणि 50 ग्रॅमचा द्रोण धरला तर सुमारे 90 माणसांना पुरतो. तो आरतीला अर्धा तास असताना करावा, कारण गार झालेल्या शिऱ्याचे तूप थिजते. दुसरा प्रकार उकडलेल्या चण्यांचा आहे. एक किलो चणे भिजून दोन किलो होतात, त्यात खवलेले खोबरे आणि गूळ घातल्यावर पन्नासेक माणसांना पुरतात, म्हणून 90 माणसांसाठी दोन किलो चणे भिजवावेत. खोबरे संध्याकाळी पाचनंतरच खवून घालावे. दुपारी घातले, तर रात्रीपर्यंत चणे बुळबुळीत होतात. कार्यक्रम एकादशीला ठेवला असेल, तर हे दोन्ही चालत नाहीत. त्या दिवशी केळी, राजगिऱ्याचे लाडू किंवा शेंगदाण्याचे लाडू द्यावेत. ओला प्रसाद जाजमावर बसलेल्यांना वाटू नये, कारण तुपाचे डाग पडतात आणि त्यावरून माणसे घसरतात. तो बाहेर पडण्याच्या वाटेवर, पण पादत्राणांपासून दूर, दोन रांगांत द्यावा, आणि खुर्च्यांवरील वृद्धांना मात्र जागेवर नेऊन द्यावा. द्रोण पानांचेच घ्यावेत. प्लास्टिकच्या ताटल्या, पेले आणि चमचे यांवर 1 जुलै 2022 पासून बंदी आहे.

शेजारच्या मंडळाला साधारण सत्तर श्रोत्यांची अपेक्षा आहे, म्हणून मी त्यांना सभामंडपाचाच आराखडा सुचवला आणि पत्रिकेचा मसुदाही करून दिला. तो असा:

“सप्रेम नमस्कार. आपल्या वाड्यावरील देवळाच्या सभामंडपात शनिवारी भजनसंध्या आयोजित केली आहे. भजनास सायंकाळी ठीक 6.30 वाजता आरंभ होईल. सव्वासात वाजता देवाची नित्याची आरती होईल व नंतर भजन पुढे सुरू राहील. भैरवी व आरती रात्री 9 वाजेपर्यंत पूर्ण होऊन तीर्थप्रसाद दिला जाईल. जेवणाची व्यवस्था नाही, याची कृपया नोंद घ्यावी. बैठक जाजमावर असून, ज्यांना खाली बसणे कठीण आहे त्यांच्यासाठी मागील बाजूस 26 खुर्च्या राखून ठेवल्या आहेत. टाळ घेऊन साथ करू इच्छिणाऱ्यांनी तालमीस यावे. आपण सहकुटुंब उपस्थित राहावे, ही नम्र विनंती.”

‘जेवणाची व्यवस्था नाही’ हे वाक्य त्यांच्यातील एका ज्येष्ठ काकांना रुक्ष वाटले आणि ते काढावे असे त्यांनी सुचवले. मी ते ठेवण्याचा आग्रह धरला, आणि त्या वर्षी उपाशी गेलेल्या कुटुंबांची हकिकत सांगितल्यावर काकांनीच ते वाक्य ठळक अक्षरांत छापायला सांगितले.